नातीच्या अठराव्या वाढदिवसाला भाषण करायचं आहे. हक्क आणि कर्तव्यांबद्दल काय सांगू?

कुळागरकर
नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला, निवृत्त शिक्षक. २० ऑगस्टला माझी नात अठरा वर्षांची होते आहे. घरच्या अंगणात मांडव घालून पन्नासेक माणसांचं जेवण ठरलं आहे, आणि केक कापायच्या आधी आजोबांनी चार शब्द बोलावेत असा सगळ्यांचा आग्रह आहे. मला ते चार शब्द नुसते आशीर्वादाचे नको आहेत. त्या दिवसापासून कायद्याने तिचं काय काय बदलतं ते तिला माझ्या तोंडून कळावं अशी इच्छा आहे.

कच्चा खर्डा असा आहे. आधी मतदान, मग गाडीचा परवाना, मग लग्नाचं वय आणि स्वतःच्या पसंतीचा हक्क, शेवटी घटनेतली मूलभूत कर्तव्यं. वाचून पाहिलं तर नागरिकशास्त्राचा तास वाटतो. मी स्वतः तो विषय शिकवला आहे आणि मुलं खिडकीबाहेर कधी बघायला लागतात ते मला कळतं.

खरी गोष्ट वेगळीच आहे, तीही लिहितो. माझी पत्नी आणि माझा मोठा मुलगा, म्हणजे नातीचे वडील, दोघेही आता नाहीत. घर आणि कुळागर आम्हा नवरा-बायकोचं. धाकटा मुलगा पुण्याला असतो, मुलगी मडगावला दिली आहे. पत्नीच्या मागे वाटण्या झाल्या नाहीत, कारण नात अल्पवयीन होती आणि सगळे म्हणाले कोर्टाची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत मालमत्तेची यादी आणि वाटणी, कशाला, ती अठराची झाली की सगळ्यांनी सह्या करून मोकळे होऊ. म्हणजे वाढदिवस झाला की लगेच तिच्यासमोर एक कागद येणार आहे. हे भाषणात यावं का? आणि आलं तर नेमकं काय सांगावं?

तन्मयी_एकोणीस
आजोबा, मी गेल्याच वर्षी यातून गेले. मूलभूत कर्तव्यांची यादी वाचून दाखवू नका, शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर असते, आम्हाला ती पाठ आहे. तिला त्या दिवशी करता येईल असं काहीतरी सांगा. मला माझ्या मामांनी बँकेत नेलं होतं. तोवर खात्यावर आईची सही चालायची, ती बंद झाली आणि माझ्या सहीचा नमुना घेतला. चार वेळा सही केली आणि चारही वेगळ्या आल्या, तर काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की घरी जाऊन एक सही पक्की कर आणि मग ये. ती गोष्ट अजून लक्षात आहे.

सावंतवाडीकर
काका, जमिनीचं काळजी करण्यासारखं काही नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनच मुलाइतका हक्क आहे. तुमच्या नातीचा हिस्सा ती जन्मली त्याच दिवशी ठरला. अठरा वर्षांचा त्याच्याशी संबंध फक्त सहीपुरता. आणि मतदानाचं म्हणाल तर १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागतात, म्हणून तिचं नाव यादीत पुढच्या वर्षीच येईल.

वीणा_पणजी
सावंतवाडीकर, तुम्ही सांगता तो कायदा तुमच्याकडे बरोबर आहे, पण गोंयकारांना तो लागू नाही. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आला आहे, तत्त्वं बहुतेक तीच. त्यात जन्मतः हक्क नावाची गोष्ट नाही. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या मालमत्तेत मुलांचा काहीच हिस्सा नसतो. मात्र तो गेल्यावर मुलामुलींना सारखा वाटा मिळतो, आणि त्यांना डावलून सगळं दुसऱ्या कोणाला लिहून देता येत नाही. गोंयकाराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा याच कायद्याने, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे पुण्याच्या काकांनी तिकडच्या वकिलाकडून मसुदा करून आणला तर आधी हे बघा.

मतदार यादीचंही बदललं आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. २० ऑगस्टला अठरा पूर्ण म्हणजे १ ऑक्टोबरच्या तारखेला ती पात्र. फॉर्म ६ आगाऊही भरता येतो.

आजोबा, तुमच्या मूळ प्रश्नासाठी मला एक गोष्ट सांगा. विचारायला बरं वाटत नाही, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. आधी कोण गेलं, तुमची पत्नी की मुलगा?

कुळागरकर
मुलगा आधी. पत्नी त्याच्या मागून, दुसऱ्या वर्षी. तो गेल्यावर ती सावरलीच नाही. तिने मृत्युपत्र केलं नव्हतं. आमचं लग्न इथेच नोंदलेलं आहे, लग्नाआधी कुठलाही करार केलेला नाही. पण यात क्रमाने काय फरक पडतो? मुलाचा वाटा सुनेला आणि नातीला मिळणार, असंच मी आजवर धरून चाललो आहे.

वीणा_पणजी
फरक मोठा पडतो. तुमच्या घराचे आणि कुळागराचे बारा वाटे धरा. करार नाही म्हणजे लग्नापासूनच सगळं दोघांचं अर्धं अर्धं. बारापैकी सहा तुमचे, ते आजही तुमचेच आहेत. उरलेले सहा तुमच्या पत्नीचे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तेवढेच वारसांसाठी खुले झाले. तीन मुलं, म्हणून प्रत्येकी दोन.

आता मोठा मुलगा. तो आईच्या आधी गेला, म्हणजे आईच्या मृत्यूच्या दिवशी तो वारस म्हणून हजर नव्हता. त्याच्या जागी त्याची मुलगी उभी राहते. ते दोन्ही वाटे थेट नातीचे. सुनेला त्यात काही नाही.

उलटं झालं असतं, म्हणजे आजी आधी आणि मुलगा नंतर, तर ते दोन वाटे आधी मुलाकडे आले असते. त्याच्या लग्नातही सगळं अर्धं अर्धं, म्हणून एक वाटा सुनेचा झाला असता आणि दुसरा नातीकडे गेला असता. माणसं तीच, घर तेच, फक्त क्रम वेगळा.

तेव्हा भाषणात 'तुझ्या आईचा आणि तुझा वाटा' असं कृपया म्हणू नका. आजीकडून आलेले दोन वाटे एकट्या नातीचे आहेत. आईच्या डोक्यावरचं छप्पर आज तुमच्या सहा वाट्यांवर आणि नातीच्या दोन वाट्यांवर उभं आहे.

कुळागरकर
हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. सून या घरात येऊन वीस वर्षं झाली. कुळागरातलं शिंपणं, पोफळीची राखण, माझी औषधं, सगळं ती बघते. आणि तिचा एकही वाटा नाही?

वीणा_पणजी
आजीच्या मालमत्तेत नाही. तिच्या आणि तुमच्या मुलाच्या संसारात मुलाने स्वतः कमावलेलं जे काही असेल त्यात तिचा अर्धा आहे, ते वेगळं.

पण तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. तुमच्या सहापैकी निम्मे, म्हणजे तीन वाटे, तुम्ही मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकता, सुनेलासुद्धा. उरलेले तीन मात्र मुलांसाठी राखीव: मुलाला एक, मुलीला एक आणि मोठ्याच्या जागी नातीला एक. तिथे तुमचीही मर्जी चालत नाही. मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे करा, घरच्या कागदावर लिहून कपाटात ठेवू नका.

दत्ता_पेडणे
आमचंही असंच अडकलं आहे. घर आमचं पण जमीन भाटकाराची, मुंडकार म्हणून अर्ज मामलेदाराकडे पडून आहे, आणि माझा पुतण्या आता अठराचा झाला. त्याची सही अर्जावर लागेल का? इथे सगळे वाटे वाटे करताय, आमच्याकडे वाटायला जमीनच नाही.

वीणा_पणजी
दत्ताभाऊ, मुंडकाराचा विषय पूर्ण वेगळा आहे, तिथे आधी तुमच्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क सिद्ध व्हावा लागतो. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. इथे दोन्ही मिसळलं तर आजोबांचा गोंधळ होईल.

मीनाक्षी_डिचोली
आजोबा, मी तुमच्या नातीच्या जागेवर बसलेली बाई आहे, म्हणून लिहिते.

वडील गेले तेव्हा मी चोवीसची होते. तेराव्यानंतर चार दिवसांनी भावाने सांगितलं की घरपट्टी नावावर करायला एक सही हवी आहे. आम्ही सगळे गाडीतून गेलो. नोटरीच्या टेबलावर कागद आधीच टाईप करून ठेवलेला होता, पाच पानं, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटी फुली होती, सही कुठे करायची ती. मला वाचायला सांगितलं होतं, खोटं बोलत नाही. पण मागे भाऊ, वहिनी, आई उभी आणि बाहेर गाडी चालू. फुली बघत गेले आणि सह्या करत गेले. माझ्या नवऱ्याचीही सही घेतली, तेव्हा मला वाटलं की साक्षीदार म्हणून. तो हक्कसोडीचा कागद होता. कुणी मला फसवलं असं मी आजही म्हणत नाही, कागदावर सगळं छापलेलं होतं. पण 'हक्क' हा शब्द त्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघाला नाही.

तुम्ही तिला हे सांगाच. कागदाच्या आधी सांगा.

प्रभा_मडगाव
मला हे पटत नाही. मीनाक्षीताईंचं दुःख समजतं, पण वाढदिवसाच्या मांडवात, पन्नास माणसांसमोर, काका आणि आत्या बसलेले असताना वाट्यांचं बोलायचं? आत्याला वाटेल आपल्यावर संशय घेतला. मुलगी लाजेने अर्धी होईल. हे सगळं आदल्या रात्री खोलीत बसून सांगा. भाषणात प्रेमाचं बोला.

सावंतवाडीकर
वीणाताई, माझं चुकीचं होतं ते कळलं, आभार. पण प्रभाताईंशी मी सहमत. आणि घटनेतली कर्तव्यं ठेवावीत असं वाटतं. ती न पाळल्यास कायद्याने जबाबदार धरतात, हे मुलांना कळायला हवं.

वीणा_पणजी
अनुच्छेद ५१-क मधली कर्तव्यं न्यायालयातून कुणावर लादता येत नाहीत. त्यातल्या काहींसाठी वेगळे कायदे आहेत, शिक्षा होते ती त्या कायद्याखाली.

पण अठराव्या वर्षी खरोखर सुरू होणारं एक कर्तव्य आहे, आणि ते आजोबांच्या घरातलंच आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. त्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, फक्त अल्पवयीन नसलेले. साठीच्या पुढचे आजोबा स्वतःच्या उत्पन्नावर भागवू शकत नसतील तर उपजिल्हाधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे नातीकडूनही निर्वाह मागू शकतात. १९ ऑगस्टला मागता येत नाही, २० ला येतो. अर्थात तिच्याकडे साधन असेल तर. शिकणाऱ्या मुलीवर कोणी दहा हजारांचा हुकूम काढणार नाही.

कुळागरकर
वीणाताई, हे मी तिला सांगणार नाही. मला पेन्शन आहे, आणि माझ्याबद्दलचं कर्तव्य मीच माईक हातात घेऊन सांगणं मला शोभत नाही. तिच्या आईबद्दल मात्र सांगेन. वाट्यांचा हिशेब कळल्यापासून मला तेच मोठं वाटतं आहे. ज्या घरात आईचं नाव नाही त्या घरात मुलीच्या नावाचे दोन वाटे आहेत, तर तिची सही आईच्याही छपराची आहे.

प्रभाताई, तुमच्या म्हणण्यावर दोन रात्री विचार केला. आकडे मांडवात काढणार नाही. पण सगळंच खोलीत सांगितलं तर मीनाक्षीताईंच्या बाबतीत झालं तेच होईल, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर कुणीच बोललं नाही. काका आणि आत्या वाईट नाहीत. त्यांनीही ऐकलेलं बरं.

एक विचारतो. समजा तिला खरोखरच सोडायचं असेल, तर काय सांभाळावं?

वीणा_पणजी
तिची मर्जी असेल तर सोडू शकते, आता ती सज्ञान असेल. पण चार गोष्टी तिच्या डोक्यात पक्क्या असू द्या.

एकदा केलेली हक्कसोड मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करायला कोर्टात वर्षं जातात, आणि मीनाक्षीताईंसारखं सगळं छापलेलं असेल तर सिद्ध होणंही कठीण. दुसरं, ती फक्त आजीकडून आलेलं सोडू शकते. तुम्ही जिवंत आहात. जिवंत माणसाचा वारसा आधीच सोडता येत नाही. कागदात 'आजोबांच्या मालमत्तेतील भावी हक्कही' असं वाक्य दिसलं तर ते वाक्य निरर्थक आहे, आणि ज्याने ते घातलं त्याला कायदा माहीत नाही किंवा मुलीला माहीत नसावा अशी त्याची अपेक्षा आहे. तिथेच पेन खाली ठेवायचं.

तिसरं, आता सगळे सज्ञान आहेत म्हणून कोर्टाच्या इन्व्हेंटरीशिवाय, आपसात वाटणीपत्र करून काम होऊ शकतं. म्हणजे 'मोकळं होण्या'साठी तिने सोडायलाच हवं असं नाही. वाटणीपत्रात तिचे दोन वाटे तिला देऊनही सगळे मोकळे होतात. हा फरक घरात कुणी सांगत नाही. आणि चौथं, सध्या ती अविवाहित आहे, सही तिची एकटीची. लग्नानंतर नवऱ्याचीही लागेल, जशी आत्याच्या यजमानांची आता लागणार आहे. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवता येते, पण तो लग्नाच्या आधीच. नंतर नाही.

तन्मयी_एकोणीस
म्हणजे आमच्या वयाच्या मुलींना कुणी लग्नाच्या खरेदीला नेतं, पण या कराराबद्दल कुणी बोलत नाही. मी आज आईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं.

आजोबा, ग्रामसभेचंही टाका ना. मतदार यादीत नाव असलं की ग्रामसभेत बसता येतं, बोलता येतं. आमच्या गावात डोंगर कापायचा विषय निघाला तेव्हा मी जाऊन बसले होते, पण तेव्हा सतराची होते, तर सचिवांनी वहीत नाव घेतलं नाही.

कुळागरकर
नवा खर्डा. नागरिकशास्त्र बरंच गेलं. बोलीतच लिहिला आहे, तसाच बोलणार आहे.

'बाय, आजपर्यंत तुझ्या नावापुढे कंसात एक शब्द असायचा, अल्पवयीन. बँकेत तुझ्या आईची सही चालायची, शाळेत माझी. आज तो शब्द गेला. आता तुझ्या जागी दुसऱ्या कुणाची सही चालत नाही, आणि तू केलेली सही दुसरा कुणी पुसू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात.

फॉर्म ६ मी आणून ठेवला आहे. तो तूच भर. १ ऑक्टोबरनंतर यादीत तुझं नाव शोध, आणि ग्रामसभा असेल त्या रविवारी माझ्याबरोबर चल. मी बोलणार नाही, तू बोल.

या घरात तुझ्या आजीचा भाग होता. ती गेली तेव्हा तुझ्या बाबांच्या जागी तू उभी राहिलीस, तेव्हा तू लहान होतीस आणि तुला कुणी सांगितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. तो भाग तुझा आहे. तो ठेवायचा, वाटून घ्यायचा की काका-आत्याला द्यायचा, हे तू ठरवशील, आणि तू जे ठरवशील त्याला माझी हरकत नसेल. पण कुठलाही कागद घरी आणून, रात्रभर उशाशी ठेवून, दुसऱ्या दिवशी वाचून मगच सही कर. घाई करणारा माणूस आपला असला तरी. मी असलो तरी.

आणि सही करताना तुझी आई कुठे राहणार आहे, एवढा प्रश्न कागदाला विचार.'

यानंतर केक.

प्रभा_मडगाव
आकडे नाहीत, ते बरं केलंत. 'काका-आत्याला द्यायचा' हे नाव घेऊन म्हणू नका एवढंच अजून वाटतं. 'कुणाला द्यायचा' म्हणा. आत्या माझ्या वयाची असणार, तिला ते टोचेल.

मीनाक्षी_डिचोली
मला उलट वाटतं. नाव घेतलं की तो सरळ व्यवहार होतो. 'कुणाला' म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. पण तुमच्या घरातली माणसं तुम्हाला ठाऊक, आजोबा. उशाशी ठेवायचं वाक्य काढू नका.

कुळागरकर
ते वाक्य राहील. काका-आत्याचं अजून ठरत नाही, मुलीला, म्हणजे आत्यालाच, फोन करून आधी वाचून दाखवीन म्हणतो.

वीणाताई, मृत्युपत्राचं सोमवारी विचारायला जातो आहे. जाताना काय काय न्यावं?

वीणा_पणजी
तुमच्या लग्नाच्या नोंदणीचा उतारा, पत्नीचा आणि मुलाचा मृत्यू दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि घराचा कागद. दोन्ही मृत्यू दाखल्यांवरच्या तारखा घरीच तपासून घ्या, नावाचं स्पेलिंगही. मुलाचं नाव एका ठिकाणी वडिलांच्या नावासकट आणि दुसरीकडे नुसतं आडनावासकट असेल तर तो एकच माणूस हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेकांची फेरी तिथेच वाया जाते. सुनेला बरोबर नेऊ नका. ज्याला मिळणार आहे तो शेजारी बसलेला असला की उद्या कोणी दबावाचा आरोप करू शकतो.